खारा पाला, गोडे पाणी : कच्छच्या उंटांचा आहार

कोकणात खाडीकाठी राहणाऱ्या वाचकांना तिवराचे झाड वेगळे सांगायला नको. भरतीच्या पाण्यात उभे असलेले, चिखलातून बोटांसारखी मुळे वर काढणारे, आणि ज्याचे पान जिभेला लावले तर खारट लागते असे ते झाड. मुळांवाटे आत आलेले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. ऊन चढू लागले की पानांवर त्या मिठाचे बारीक कण चमकतात. गुजरातमध्ये कच्छच्या किनाऱ्यावर याच झाडाला ‘चेर’ म्हणतात आणि तिथे उंट त्याचा पाला खातात. नुसता खातात असे नव्हे, त्यासाठी खाडी पोहून जातात.

हे उंट ‘खाराई’ जातीचे. २०१५ साली या जातीची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली. लखपत, अबडासा, मुंद्रा, भचाऊ या तालुक्यांच्या किनारपट्टीवर ते आढळतात. त्यांना सांभाळणाऱ्यांत रबारी आहेत आणि फकीराणी जत आहेत. फकीराणी जत हा मुसलमान पशुपालकांचा समाज. घर गवताचे, जनावरांबरोबर हलणारे. पावसाळ्यात बेटांवरच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचते, तेव्हा कळप बेटांवरच मुक्काम करतो. खायला चेर आणि प्यायला खळग्यातले गोडे पाणी. पाणी आटले की दोन-तीन दिवस चरून कळप पुन्हा मुख्य जमिनीकडे येतो, तळ्यावर किंवा हौदावर पाणी पितो आणि परत खाडीत उतरतो.

या येण्याजाण्यात उंटाच्या आहाराचे सगळे गणित आहे. पाला, पाणी आणि मीठ या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. एक बदलली की बाकीच्या दोन बदलाव्या लागतात. उंट आजारी पडू लागला तर त्याची पहिली खूण बहुतेक वेळा या तिघांपैकीच कशात तरी दिसते. पण ती ओळखण्यासाठी निरोगी उंट कसा खातो आणि कसा पितो हे आधी ठाऊक असले पाहिजे.

घास घेत पुढे जाणारे जनावर

म्हैस किंवा गाय खाली मान घालून गवत कापत जाते. उंटाची रीत निराळी. त्याला झाडाझुडपांचा पाला आवडतो, तोही अंगापेक्षा उंचावरचा. वरचा ओठ मधून दुभंगलेला असल्यामुळे तो दोन बोटांसारखा हलतो आणि काट्यांमधले पान नेमके उचलतो. गालांच्या आतल्या बाजूला टोकदार मांसल काटे असतात, टाळू कडक असतो, त्यामुळे बाभळीचा काटा तोंडात गेला तरी फारसे बिघडत नाही. एका झुडपाचे चार घास घेतले की उंट पुढच्या झुडपाकडे वळतो. कळप पांगलेला दिसतो आणि नवख्या माणसाला वाटते की जनावर नीट खात नाही. खरे तर हेच नीट खाणे आहे. झाड उजाड होत नाही आणि उंटाच्या पोटात रोज सात-आठ प्रकारचा पाला जातो.

किनाऱ्यापासून आत, वाळवंटाकडे, पाल्याची यादी बदलते. खेजडी, म्हणजे आपली शमी, हा थरच्या प्रदेशातला उंटाचा मुख्य आधार. हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटून पाला वाळवतात, त्याला तिकडे ‘लूंग’ म्हणतात. उन्हाळ्यात रान सुकले की हाच साठा कामी येतो. बोरीचा वाळवलेला पालाही असाच ठेवतात. केर, म्हणजे आपल्याकडची नेपती, शिवाय बाभूळ, फोग, लाणा. आणि पीलू. ‘खारी जाळ’ या नावाने ओळखले जाणारे हे झाड म्हणजे आपल्या घरातल्या मिस्वाकचे झाड. ज्याच्या मुळीने आणि काडीने आपण दात घासतो, त्याचा पाला उंट आवडीने खातो. या पाल्यात मीठ भरपूर असते. लाणाही खारट जमिनीतलाच आणि चवीला खारटच. ही दोन नावे लक्षात ठेवावीत, पुढे लागणार आहेत.

उंटाला रोज चरायला साधारण आठ तास हवेत आणि रवंथ करायला आणखी सहा ते आठ तास. गाडीला किंवा ओझ्याला जुंपलेल्या उंटाच्या बाबतीत चूक होते ती इथे. मालक सकाळी जुंपतो, संध्याकाळी सोडतो आणि मग टोपलीभर चारा पुढे टाकतो. चारा वजनाने पुरेसा असतो, पण रवंथ करायला निवांत वेळ मिळत नाही. साडेचारशे-पाचशे किलोच्या उंटाला दिवसाला आठ ते दहा किलो सुका चारा लागतो. गवारीचा किंवा मटकीचा भुसा, भुईमुगाचा पाला, असे जे त्या भागात मिळते ते. काम जास्त असेल तर थोडे धान्य देतात, पण ते थोडेच आणि हळूहळू वाढवत. रोज पाला खाणाऱ्या उंटाला एकदम चार किलो बाजरी घातली तर पोटात आंबते, जनावर खाणे सोडते, आणि वेळेत लक्षात आले नाही तर दगावते. पोळ्याला बैलाला जास्त आंबोण घालून आजारी पाडल्याच्या हकीगती आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात, त्यातलाच हा प्रकार.

पाणी किती आणि कधी

उंट मदारीत पाणी साठवतो हा समज अजून पुष्कळ घरांत आहे, शाळेत जाणाऱ्या मुलांनाही तेच सांगितले जाते. मदारीत पाणी नसते, चरबी असते. पाण्याची बचत होते ती वेगळ्याच मार्गांनी. क्नुट श्मिट-नील्सेन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात राहून यावर काम केले. त्याला आढळले की तहानलेला उंट आपल्या अंगाचे तापमान दिवसभर चढू देतो. पहाटे ते ३४ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी ४१ पर्यंत जाते. माणूस घाम गाळून जी उष्णता दिवसा बाहेर टाकतो, ती उंट अंगात धरून ठेवतो आणि रात्रीच्या गारव्यात सोडून देतो. त्यामुळे घाम वाचतो. लघवी थोडी आणि घट्ट होते, लेंड्या कोरड्या पडतात. अंगाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी गेले तरी तो उभा असतो. इतक्यात माणूस केव्हाच संपला असता.

पण सोसतो म्हणजे लागत नाही असे नव्हे. हिवाळ्यात हिरवा, रसदार पाला असेल तर उंट कित्येक आठवडे हौदाकडे फिरकत नाही, कारण पाल्यातूनच पाणी मिळते. उन्हाळ्यात सुक्या चाऱ्यावर असलेल्या मोठ्या उंटाला मात्र दिवसाला सरासरी वीस ते तीस लिटर लागते. हे रोज दिले नाही तर तो चौथ्या दिवशी एकदम पितो, आणि पितो तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत. दुसरे जनावर इतक्या पाण्याने मरेल, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या पेशी लंबगोल असतात, त्या दुपटीहून अधिक फुगल्या तरी फुटत नाहीत.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. हौदावर कळप आणला तर प्रत्येक उंटाला पोटभर पिऊ द्यावे आणि लगेच हाकलू नये. पहिला सपाटा झाला की उंट मान वर करतो, इकडेतिकडे बघतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाकतो. या दुसऱ्या पिण्याला वेळ दिला नाही तर दुबळी जनावरे अर्धवट राहतात, कारण पहिल्या फेरीत दांडग्यांनी त्यांना डोणीपासून लांब ठेवलेले असते. दुसरी गोष्ट क्रमाची. तहानलेला उंट सुका चारा खात नाही. मालकाला वाटते भूक मेली, म्हणून तो आणखी चांगला चारा आणतो. पाणी आधी, चारा नंतर, एवढा क्रम बदलला की बहुतेक वेळा भूक परत येते.

दूध देणाऱ्या सांडणीची गोष्ट आणखी नाजूक आहे. पाण्याची टंचाई झाली तरी ती पिल्लाचे दूध लगेच तोडत नाही. दूध येत राहते, पण पातळ होते, त्यातली साय कमी होते. निसर्गाने हे पिल्लाच्या तहानेसाठी केलेले दिसते. कच्छमधले उंटिणीचे दूध २०१९ पासून अमूलच्या नावाने शहरांत विकले जाते, म्हणून मालधाऱ्याला आता दुधाचा भाव मिळतो. दूध पातळ पडले तर त्याने आधी हौदाकडे बघावे, मग दुसऱ्या कारणांकडे.

मीठ

उंटाला मीठ किती लागते हे ऐकले की गुरे पाळणारा माणूस दचकतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या प्राथमिक पशुआरोग्याच्या पुस्तिकेत एका उंटाला आठवड्याला एक किलो मीठ असे प्रमाण दिले आहे, आणि गाय-मेंढीच्या मानाने ही गरज आठपट असल्याचे म्हटले आहे. रोजचे म्हणाल तर जवळपास दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन चांगल्या मुठी.

इतके का? अंगातले पाणी अंगात राहते ते मिठाच्या आधाराने. मीठ कमी झाले की उंट पाणी कमी पितो, आणि प्यायलेले लघवीवाटे लवकर निघून जाते. म्हणजे हौद भरलेला असूनही जनावर हळूहळू सुकत जाते. शिवाय रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या लाळेत सोडियम असते आणि पोटातला पाला कुजवण्याचे काम त्याच्या जोरावर चालते. मीठ कमी पडले की पचन मंदावते, मग भूक मंदावते, मग दूध.

पण हे प्रमाण सरसकट नाही, आणि इथे पाला पुन्हा पुढे येतो. चेर, पीलू आणि लाणा खाणाऱ्या उंटाला मीठ पाल्यातूनच मिळते. त्याला वरून एक किलो घातले तर फायदा नाही, उलट पाणी जास्त लागेल, आणि पाणी नसेल तर हगवण लागून जनावर आणखी सुकेल. खेजडी, बोर आणि बाभूळ यांवर असलेल्या उंटाला मात्र मीठ हाताने द्यावेच लागते. आफ्रिकेत नायजर देशात इन-गाल भागातले पशुपालक पावसाळा संपता संपता दूरदुरून आपली जनावरे खारट जमिनीवर नेतात ते याच कारणासाठी. कच्छच्या मालधाऱ्याला एवढे चालावे लागत नव्हते. त्याची खारट चराई दाराशी होती.

‘होती’ असे म्हणावे लागते, कारण मिठागरांचे बांध आणि बंदरांची बांधकामे यांमुळे काही खाड्यांत भरतीचे पाणी पोहोचेनासे झाले आणि चेर वाळला. चेर वाळल्यावर कळप आत, वेड्या बाभळीच्या रानात जातो. गंमत अशी, किंवा गंमत नव्हेच, की जिथे मीठ पिकवण्यासाठी बांध घातले, तिथल्याच उंटाला मिठाची तूट येते.

एका सांडणीचा हिशेब

असा बदल झाला की जनावरात काय काय दिसते ते एका उदाहरणावरून बघू. साडेचारशे किलोची सांडणी, पिल्लू चार महिन्यांचे, आजवर खाडीत चेरावर वाढलेली. एप्रिलमध्ये कळप आत आला. आता खायला वेडी बाभूळ, थोडी बोर, थोडी खेजडी. हौद गावाबाहेर आहे आणि कळप तिसऱ्या दिवशी तिथे येतो.

पहिले आठ-दहा दिवस काही वाटत नाही. शेंगा गोड असतात, उंट त्या आवडीने खातात. मग मालकाला जाणवते की ही इतरांच्या आधी चरणे थांबवते आणि उभी राहते. हौदावर आली की तोंड घालते, पण पन्नास-साठ लिटरवर थांबते, जिथे तीन दिवसांच्या उन्हाळ्यानंतर तिने ऐंशी-नव्वद तरी प्यायला हवे होते. दूध उतरते. तिसऱ्या आठवड्यात ती विचित्र चाळे करू लागते. मातीच्या भिंती चाटते, दुसऱ्या उंटांनी मुतलेली जमीन चाटते, रानात पडलेले जुने हाड तोंडात घेऊन चघळत राहते. घोड्याजवळ गेली तर त्याचा घामाने भिजलेला जीनही चाटेल. कातडी निस्तेज दिसते. मदार अजून उभी आहे, पण हाताला पूर्वीपेक्षा मऊ लागते.

हाड चघळणे हे मिठाच्या तुटीत दिसते तसे फॉस्फरसच्या तुटीतही दिसते, म्हणून नुसत्या चाळ्यावरून निकाल देऊ नये. पण मिठाची परीक्षा सोपी आणि स्वस्त आहे. पसरट पाटीत ओंजळभर खडे मीठ घेऊन तिच्यासमोर धरावे. मिठाची तूट असलेले जनावर हुंगते आणि लगेच तुटून पडते, पाटी सोडत नाही. ज्याला गरज नाही ते दोन-चार खडे चाटून तोंड फिरवते.

ती तुटून पडली, तर देण्याची पद्धत अशी. एकदम किलोभर पुढे ठेवू नये. पहिले दोन दिवस पन्नास-साठ ग्रॅम, मग शंभर, मग दीडशेपर्यंत. मीठ पाणी पिण्याच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी द्यावे. पुढचे दोन दिवस पाणी दिसणार नाही अशा रानात निघताना देऊ नये. खडे मीठ पाटीत द्यावे किंवा भुशावर पाण्याचा हबका मारून त्यात मिसळावे. कळप मोठा असेल तर सैंधवाचे मोठे खडे हौदाशेजारी ठेवणे सोयीचे पडते, पण दांडगे उंट तिथून हलत नाहीत, म्हणून दुबळ्यांना वेगळे द्यावे लागते. आणि मीठ सुरू केल्यावर हौदावर जास्त पाणी लागेल याची तयारी आधीच ठेवावी. दोन हजार लिटरच्या हौदावर वीस उंट येत असतील, तर शेवटच्या दोघा-तिघांना तळाचा गाळ पिण्याची पाळी येऊ नये.

मिठाचीच तूट असेल तर फरक आधी हौदावर दिसतो, पिणे वाढते. मग भूक सुधारते आणि त्यानंतर दूध. आठ-दहा दिवस झाले, मीठ खाते आहे, पाणी पिते आहे, आणि तरी मदार उतरतच चालली आहे, असे असेल तर कारण दुसरे आहे. मग वाट बघू नये.

खाते आणि तरी वाळते

ते दुसरे कारण बहुतेक वेळा ‘सर्रा’ असते. राजस्थानात याला ‘तिबरसा’ म्हणतात, तीन वर्षे रेंगाळणारा रोग म्हणून. रक्तात एक सूक्ष्म परजीवी शिरतो. तो ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. मोठ्या चावऱ्या माशा त्याचा फैलाव करतात. या माशा ओलाव्याच्या जागी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्त असतात. म्हणजे जिथे पाणी चांगले, हिरवळ चांगली, तिथेच हा धोका. किनाऱ्यावरून आत ओढ्याकाठी आलेल्या कळपाला म्हणूनच डोळ्यात तेल घालून बघावे लागते.

मिठाच्या तुटीत आणि सर्ऱ्यात फरक असा की सर्ऱ्याचे जनावर पुष्कळदा खात असते. खाते, पिते आणि वाळते. ताप येतो, चार-सहा दिवस राहतो, जातो, पुन्हा येतो. मदार खचून एका बाजूला कलते, मांड्या बारीक होतात, डोळ्यांची आणि हिरड्यांची आतली कातडी फिकट पडते. गाभण सांडणी गाभ टाकते. जुने राईका उंटपालक लघवीने भिजलेल्या वाळूचा गोळा करून हुंगतात आणि वासावरून हा रोग ओळखतात. शहरी माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण ज्यांची हयात कळपात गेली त्यांच्या नाकाला मी कमी लेखणार नाही. मात्र वासावर थांबू नये. ताप असतानाच कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. ताप उतरल्यावर घेतलेल्या रक्तात परजीवी दिसेलच असे नाही.

ताप मोजताना उंटाच्या बाबतीत एक घोटाळा होतो. वर सांगितल्याप्रमाणे तहानलेल्या निरोगी उंटाचे अंग दुपारी चाळीसच्या पुढे जाऊ शकते. गायीच्या हिशेबाने बघणाऱ्याला तो ताप वाटेल. म्हणून तापमान रोज एकाच वेळी, सूर्य उगवायच्या आधी घ्यावे आणि शेजारच्या धडधाकट उंटाचेही घ्यावे. पहाटेच्या गारव्यातही अंग तापलेले असेल तर तो खरा ताप.

औषध पशुवैद्यच ठरवील. एक गोष्ट मात्र प्रत्येक उंटमालकाला ठाऊक असावी. गायी-म्हशींना याच जातीच्या रोगांवर सर्रास टोचले जाणारे डिमिनाझिन उंटाला सोसत नाही, त्याने उंट मरू शकतो. दुकानातून आणून स्वतः टोचण्याचा मोह इथे फार महागात पडतो.

सकाळी कळपाकडे बघताना

कळप सोडण्याआधी, उंट बसलेले असतानाच त्यांच्यातून एक फेरी मारावी. निरोगी उंट त्या वेळी रवंथ करत असतो, मान उभी, कान हलते. जो मान जमिनीवर लांब टाकून बसला आहे, ज्याचा जबडा थांबलेला आहे, जो इतरांपासून दूर बसला आहे, त्याच्याकडे आधी जावे. उठवल्यावर तो लगेच उठतो की मागचे पाय आधी सावरून पुन्हा बसतो, हे बघावे.

मग तो उठला त्या जागेवरच्या लेंड्या बघाव्यात. पाणी पुरेसे मिळणाऱ्या उंटाची लेंडी गुळगुळीत, काळपट आणि फोडली तर आतून ओलसर असते. खडखडीत कोरडी आणि लहान लेंडी म्हणजे पाणी कमी. पातळ झाली तर आदल्या दिवशी काय खाल्ले ते आठवावे. पहिल्या पावसानंतरचा कोवळा पाला एकदम खाऊनही असे होते आणि ते दोन दिवसांत आपोआप थांबते. थांबले नाही तर पशुवैद्याला दाखवावे.

खरजेची सुरुवात काखेत, जांघेत आणि तोंडाच्या कडेला होते. उंट झाडाला अंग घासतो, केस झडतात, कातडी जाड होऊन सुरकुतते. हिवाळ्यात हे जास्त दिसते. तारामिराच्या तेलात गंधक मिसळून लावण्याची जुनी रीत आहे, पशुवैद्याकडे इंजेक्शनही मिळते. खरजेचा उंट वेगळा बांधावा आणि त्याच्या अंगावरचे जाजम दुसऱ्यावर घालू नये. हा कीडा माणसाच्या कातडीतही शिरतो. सांभाळणाऱ्याच्या मनगटांवर आणि पोटावर खाज सुटली तर घरातल्या मुलांना त्याच्या अंथरुणापासून लांब ठेवावे.

कच्छचे रबारी मेंढ्यांबरोबर सामानाचे उंट घेऊन विदर्भात येतात, तेव्हा हे जनावर आपल्या रस्त्यांवरूनही चालते. आपल्या महामार्गांच्या दुभाजकात हौसेने कण्हेर लावलेली असते. थरच्या रानात वाढलेल्या उंटाला ती ओळखीची नसते, आणि तिची थोडी पाने पोटात गेली तरी हृदय बंद पडून तो मरतो. रस्त्याच्या कडेने जाताना मुसके बांधणे बरे. वाटेत कुणी मायेने चारा देऊ केला तर गवारीचा पाला, भुईमुगाचा पाला, कडबा हे चालते. कोंबड्यांचे पोत्यातले खाद्य मात्र देऊ नये आणि घेऊ नये. कोंबड्यांच्या रोगावर त्यात घातलेली मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखी औषधे उंटाला विषासारखी बाधतात. पाणी द्यायचे असेल तर बादलीने देत बसू नये. ड्रम भरून समोर ठेवावा, आणि पहिल्यांदा मान वर केल्यावर लगेच उचलून नेऊ नये.